सीएच्या फर्मचं नाव: बाजारात तोंडी बसेल आणि बँकेच्या टेबलावरही टिकेल असं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगाव या पट्ट्यात नव्याने प्रॅक्टिस सुरू करणारी मुलं-मुली मला फर्मच्या नावाबद्दल विचारत असतात. मी स्वतः सीए आहे. माझी निम्मी अशिलं म्हणजे पसरकार, काजूवाले, हार्डवेअरवाले आणि बेकरीवाले. उरलेली निम्मी कंपन्या, सोसायट्या आणि एक-दोन हॉटेलं. या दोन्ही गटांना एकाच पाटीखाली आणायचं म्हटलं की नावाचा प्रश्न येतो. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत.

फर्मचं नाव घ्यायलाच हवं का? स्वतःच्या नावाने काम केलं तर?

चालतं. सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस हातात असलं की तुम्ही स्वतःच्या, म्हणजे सभासद नोंदवहीत आहे त्याच नावाने काम करू शकता. त्यासाठी वेगळी मंजुरी लागत नाही. सही करताना तुमचा सभासद क्रमांक लिहायचा, बस.

फर्मचं किंवा व्यवसायाचं वेगळं नाव वापरायचं असेल, मग तुम्ही एकटेच असलात तरी, आधी आयसीएआयची मंजुरी लागते. हा 1988 च्या चार्टर्ड अकाउंटंट्स रेग्युलेशन्समधला 190 वा नियम. नावासाठी फॉर्म 117 आणि फर्मच्या तपशिलासाठी फॉर्म 18 हे दोन्ही संस्थेच्या सेल्फ सर्व्हिस पोर्टलवरून जातात. मंजुरीआधी पाटी रंगवायला देऊ नका. लेटरहेडही छापू नका. माझ्या ओळखीतल्या एकाने उत्साहात 500 लेटरहेड छापून घेतली आणि नाव नामंजूर झालं. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर तो आजही हिशेब करतो.

पहिलं वर्षभर स्वतःच्या नावावर काम करून मग फर्म नोंदवणारेही आहेत. त्यात काही बिघडत नाही, उलट लोक तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारतात ते त्या वर्षात कळतं.

छोटा व्यापारी "टॅक्सवाला" शोधतो. मग नावातच "टॅक्स", "जीएसटी" किंवा "व्यापारी सेवा" असं घातलं तर?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर नाही असं आहे.

कारण असं. बाजारात तुमच्या शेजारी जो रिटर्न भरून देणारा बसतो, त्याच्या पाटीवर "पॅनकार्ड, जीएसटी, इन्कम टॅक्स, फूड लायसन्स" असं सगळं लिहिलेलं असतं. तो सीए नसतो, म्हणून त्याला सीएची आचारसंहिता लागू नाही. तुम्हाला ती लागू आहे. 1949 च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या पहिल्या भागाचं 6 वं कलम कामासाठी गळ घालायला मनाई करतं. 7 वं कलम सेवांची जाहिरात करायला आणि चार्टर्ड अकाउंटंटखेरीज दुसरं पद लावायला मनाई करतं. दोन्हींना काही अपवाद आहेत, पण पाटीवर किंवा कार्डावर "इन्कम टॅक्स कन्सल्टंट" किंवा "मॅनेजमेंट कन्सल्टंट" लिहिणं त्यात बसत नाही. पद म्हणून लिहायचं ते "चार्टर्ड अकाउंटंट", फर्म असेल तर "चार्टर्ड अकाउंटंट्स". नावाचंही तसंच. ज्या नावातून सेवेचं वर्णन होतं किंवा जाहिरातीचा वास येतो, ते अडकतं. "परफेक्ट", "ट्रस्टेड", "एक्स्पर्ट" असले शब्द विसरूनच जा.

सुरुवातीला मलाही हा अन्याय वाटायचा. पुढे लक्षात आलं की व्यापारी पाटी वाचून सीएकडे येतच नाही. जीएसटीची नोटीस येते, तो शेजारच्या दुकानदाराला दाखवतो आणि शेजारी म्हणतो, "अमक्याकडे जा." त्या वाक्यातला "अमका" म्हणजे तुमचं फर्मचं नाव. ते नाव शेजाऱ्याला एका दमात म्हणता आलं पाहिजे आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात टिकलं पाहिजे. यात "टॅक्स" शब्दाचा काहीच उपयोग होत नाही, कारण नोटीस हातात असताना विषय टॅक्सचाच आहे हे दोघांनाही ठाऊक असतं.

मग व्यापाऱ्याला नेमकं कोणतं नाव जवळचं वाटतं?

माणसाचं. त्यातही पहिलं नाव.

गोव्यात हे जरा जास्तच खरं आहे. इथे पन्नाशीच्या वकिलालाही लोक पहिल्या नावापुढे "बाब" लावून हाक मारतात. आडनावाने बोलावणं सरकारी कचेरीत. व्यापाऱ्याच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर "सुहास सीए" किंवा "सुहासबाब टॅक्स" असा साठवलेला असतो, "एस. व्ही. एन. अँड असोसिएट्स" असा नाही. फर्मच्या नावात तुमचं पहिलं नाव असेल तर पाटीवरचं नाव आणि लोकांच्या तोंडातलं नाव एकच राहतं. नसेल तर दोन नावं समांतर चालतात आणि नवीन माणूस इमारतीखाली उभा राहून फोन करतो, "तुमची पाटी दिसत नाही." पाटी समोरच असते, फक्त त्यावर तो शोधत असलेलं नाव नसतं.

आद्याक्षरांचा मोह सगळ्यांना होतो, कारण मोठ्या फर्मची नावं तशी असतात. पण व्ही, बी, डी, पी, टी ही अक्षरं फोनवर एकसारखी ऐकू येतात. त्यात आपल्या बाजारात मराठी, कोकणी, कन्नड, हिंदी अशा चार तऱ्हांचे उच्चार. मोठ्या फर्मना आद्याक्षरं परवडतात, कारण त्यांची अशिलं ईमेलवर बोलतात. तुमचं अशील चवथीच्या माटोळीच्या बाजारात उभं राहून, आजूबाजूच्या आरडाओरड्यात तुमचं नाव कुणाला तरी सांगणार आहे.

"ग्लोबल", "कॅपिटल", "ॲडव्हायझरी" अशा शब्दांचा परिणाम वेगळा होतो. मंजुरीचं बाजूला ठेवा. बेकरीवाल्याला त्यातून एवढंच कळतं की इथली फी आपल्याला झेपणार नाही. तो आत येत नाही आणि का आला नाही हे तुम्हाला कधी कळतही नाही.

एखादं उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

सोयीसाठी एक काल्पनिक नाव घेऊ: सुहास विष्णू नाईक. म्हापशाच्या बाजाराजवळ पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, एक सहायक. अशिलं बहुतेक दुकानदार, पण पुढे सहकारी सोसायट्या आणि खासगी कंपन्यांचं ऑडिटही हवं आहे. सुहासने पाच नावं लिहून आणली असं समजू.

पहिलं, "एस. व्ही. नाईक अँड कंपनी". दिसायला भारदस्त. पण नाव देशभरातल्या नोंदीशी ताडून पाहिलं जातं, फक्त गोव्यातल्या नाही. आधीच्या फर्मसारखं किंवा तिच्याशी फार जवळचं वाटलं तर ते नाकारता येतं. "एस. व्ही." आणि "नाईक" ही जोडी महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा मिळून आधी कुणी घेतली नसेल, अशी आशा फार धरू नये. शिवाय आद्याक्षरांची वर सांगितलेली अडचण आहेच.

दुसरं, "सुविना अँड असोसिएट्स". नावाच्या तुकड्यांतून घडवलेलं. सुहासला ते आधुनिक वाटतं. मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं तेव्हा मला ब्युटी पार्लर आठवलं. अशा नावाची खरी अडचण म्हणजे व्यापाऱ्याला त्यात माणूस सापडत नाही. "सुविना कोण?" असं तो विचारणार आणि उत्तर द्यायला अर्धं मिनिट जाणार.

तिसरं, "व्यापारी मित्र". याचं काय होईल ते वर सांगितलंच.

चौथं, "सुहास अँड कंपनी". तोंडी बसायला यासारखं नाव नाही. पण एकटं पहिलं नाव घेतलं की दोन गोष्टी होतात. आधी कुणी तरी ते घेतलेलं असण्याची शक्यता वाढते, आणि ते कापडाच्या किंवा भुसाराच्या दुकानासारखं ऐकू येतं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत "आमचे लेखापरीक्षक सुहास अँड कंपनी" असं वाचलं तर मागच्या रांगेतून कुणी तरी हसणार.

पाचवं, "सुहास नाईक अँड कंपनी". पहिलं नाव पुढे, आडनाव मागे. बाजारात लोक पहिला शब्द घेतील, बँक सगळं नाव लिहील. मी हे पहिल्या पसंतीला ठेवलं. हे आधी कुणी घेतलेलं असेल तर दुसरी पसंती "सुहास विष्णू नाईक अँड कंपनी". वडिलांचं नाव मध्ये आलं की नाव लांबतं खरं, पण तेच तेच नाव दुसरीकडे असण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. गावात तर सुहासला "विष्णूचो पूत" म्हणूनच ओळखतात, त्यामुळे मधला शब्द परका नाही. तिसरी पसंती "सुहास व्ही. नाईक अँड असोसिएट्स". पसंतीक्रम असा आधी ठरवून ठेवला की नकार आल्यावर घाईत काहीतरी विचित्र नाव टाकलं जात नाही.

मग चाचणी. तीन माणसांना फोन लावायचा: एक म्हापशातला फळवाला, एक कन्नड बोलणारा कापडवाला, एक बँकेत काम करणारी बहीण किंवा मैत्रीण. नाव एकदाच सांगायचं, पुन्हा नाही, आणि म्हणायचं, "मोबाईलमध्ये साठव आणि मला मेसेज करून पाठव." तिघांनी काय लिहिलं ते पाहायचं. पहिला शब्द तिघांचाही बरोबर असेल तर नाव चाललं. आडनावाचं स्पेलिंग वेगवेगळं आलं तर चिंता नको, ते गोव्यात येतंच. पण पहिला शब्दच एकाने वेगळा ऐकला असेल तर पुन्हा विचार करा. दुसऱ्या दिवशी त्याच फळवाल्याला विचारा, "काल काय नाव सांगितलं होतं?" ही दुसरी चाचणी पहिलीपेक्षा कठीण असते.

माझं आडनाव जुन्या पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं आहे. कोणतं स्पेलिंग घ्यायचं?

सभासद नोंदवहीत जे आहे तेच. गोव्यात एकाच घरात थोरल्या भावाच्या दाखल्यावर Naique आणि धाकट्याच्या दाखल्यावर Naik असतं. देवनागरीत दोघेही नाईकच. फर्मचं नाव सभासदाच्या नावावरून घेतलं जातं, तेव्हा तिथे स्पेलिंग बदललं की पहिला प्रश्न तिथूनच निघतो. बदलायचंच असेल तर आधी सभासदत्वाच्या नोंदीत, आधारवर आणि पॅनवर बदलून घ्या, मग फर्मसाठी अर्ज करा. हा क्रम उलटा झाला की काम महिनोन्‌महिने लांबतं.

जुनं स्पेलिंग ठेवण्यातही तोटा नाही. उलट पोर्टलवर त्या वळणाची नावं कमी असल्याने ते मिळण्याची शक्यता जास्त. फक्त पाटीवर देवनागरीही लिहा, म्हणजे व्यापाऱ्याला "नायके" वाचावं लागणार नाही.

एक गंमत: आपली बरीच आडनावं गावावरून आलेली. मडगावात "पेडणेकर" नावाची पाटी पाहून एकाने मला विचारलं होतं, "त्यांचं मुख्य ऑफिस पेडण्याला आहे का?" पहिलं नाव पुढे असेल तर असा घोळ होत नाही.

एवढं साधं नाव घेतलं तर बँक आणि कंपन्या गंभीरपणे घेतील का?

घेतील, कारण त्या नाव बघून ठरवत नाहीत.

कर्जाची फाइल तपासणारा बँकेतला अधिकारी तुमच्या प्रमाणपत्रावर तीन गोष्टी बघतो: सभासद क्रमांक, फर्मचा नोंदणी क्रमांक आणि यूडीआयएन. नोंदणी क्रमांक म्हणजे ज्याला आपण एफआरएन म्हणतो तो. गोवा पश्चिम विभागात येत असल्यामुळे आपल्याकडच्या फर्मच्या क्रमांकाच्या शेवटी W हे अक्षर येतं. यूडीआयएन हा अंक आणि अक्षरं मिळून 18 चिन्हांचा क्रमांक प्रत्येक प्रमाणपत्रासाठी वेगळा तयार होतो. 1 फेब्रुवारी 2019 पासून प्रमाणपत्रांना तो सक्तीचा झाला, आणि त्याच वर्षी पुढे ऑडिट अहवालांनाही. कुणीही udin.icai.org वर जाऊन तो खरा आहे का ते पाहू शकतं. बनावट शिक्क्यांमुळे हे करावं लागलं. नाव कितीही भारदस्त असलं तरी हा क्रमांक नसेल तर कागद परत येतो, आणि क्रमांक बरोबर असेल तर "सुहास नाईक" या नावावर कुणी नाक मुरडत नाही.

ऑडिट अहवालावर सही करताना फर्मचं नाव, खाली "चार्टर्ड अकाउंटंट्स", एफआरएन, मग सही करणाऱ्याचं नाव, "प्रोप्रायटर" किंवा "पार्टनर", सभासद क्रमांक, ठिकाण, तारीख आणि यूडीआयएन असं सगळं येतं. हा पूर्ण गठ्ठा शिक्क्यात आणि पानाच्या तळाशी बसवायचा असतो. नाव छोटं असेल तर हा मजकूर नीट वाचता येतो. नाव तीन ओळी खाणार असेल तर पानाच्या तळाशी एफआरएनचा आकार मुंगीएवढा होतो, आणि नेमका तोच वाचायचा असतो.

म्हणून मी लोकांना सांगतो, नाव बाजारासाठी ठेवा, त्याखालच्या ओळी बँकेसाठी. दोन्ही कामं एकाच शब्दाकडून करून घ्यायला गेलात की "सुहास नाईक ग्लोबल ॲडव्हायझर्स" तयार होतं आणि ते दोन्हीकडे पडतं.

"अँड कंपनी" लावू की "अँड असोसिएट्स"? मी तर एकटाच आहे.

एकट्याने दोन्ही लावणारे भरपूर आहेत, ही जुनी रीत आहे. फरक कानाचा. "अँड कंपनी" छोटी, जुन्या वळणाची आणि व्यापाऱ्यांच्या ओळखीची, कारण त्यांच्या आजोबांच्या दुकानाचंही नाव तसंच असायचं. "असोसिएट्स" वकील आणि आर्किटेक्ट यांच्याकडून आलेलं वाटतं. कंपन्यांना ते बरं दिसतं, पण आपल्याकडे बोलताना शेवटचं "ट्स" सुटतं आणि लोक "असोशेट" म्हणतात. बोलताना बहुतेक लोक दोन्ही गाळतातच, तेव्हा यावर रात्र घालवू नका.

एक सूचना मात्र पाळा: रोमन लिपीत "अँड" शब्दात की चिन्हात, ते मंजुरीच्या पत्रात असेल तसंच सगळीकडे ठेवा. शिक्क्यावर एक, बँकेत दुसरं असं झालं की खातं उघडताना अडतं.

कुलदेवतेचं किंवा मुलीचं नाव दिलं तर?

शांतादुर्गा, मंगेश, दामोदर ही नावं असलेली शंभर दुकानं तुमच्या तालुक्यात आहेत. हार्डवेअरपासून बारपर्यंत. भक्ती मनात ठेवा, फोटो टेबलामागे लावा. मुलीचं नावही तसंच. फर्मच्या नावाचा सभासदाच्या नावाशी संबंध असावा, ही संस्थेची जुनी धाटणी आहे. मुलगी उद्या सीए झाली आणि भागीदार म्हणून आली तर तिचं नाव त्याच वाटेने नावात येईल.

लग्नानंतर माझं पहिलं नावही बदललं. फर्म कोणत्या नावाने करू?

आपल्याकडे सासरी पहिलं नाव बदलायची पद्धत अजून काही घरांत आहे, त्यामुळे हा प्रश्न येतो. नियमाने उत्तर सोपं: नोंदवहीत आहे ते. व्यवहाराने जरा विचार करावा लागतो. तुमची अशिलं कुठल्या गावातून येणार? माहेरच्या बाजारात प्रॅक्टिस असेल आणि तिथे तुम्हाला जुन्याच नावाने ओळखत असतील, तर सभासदत्वाच्या नोंदीतलं नाव बदलण्याची घाई करू नका. कागद बदलल्याशिवाय घरातलं नाव वेगळं असू शकतं, त्याने काही अडत नाही. साखळीच्या एका मैत्रिणीने माहेरचंच नाव ठेवलं. सासूबाईंना पहिल्यांदा ते पटलं नाही. पण त्यांच्या भावाच्या दुकानाचं जीएसटीचं काम त्याच नावाच्या पाटीखाली झाल्यावर विषय मिटला.

पाटीवर काय लिहू? दिवे लावता येतील का?

पाटीवर फर्मचं नाव आणि त्याखाली "चार्टर्ड अकाउंटंट्स". एवढंच. दुकानदार लावतात तशा मोठ्या चमकत्या किंवा दिव्यांच्या पाट्या आचारसंहितेला मान्य नाहीत. आकार विवेकावर सोडलेला आहे. जिन्याच्या तोंडाशी, रस्त्यावरून वाचता येईल एवढी साधी पाटी, वर देवनागरी, खाली रोमन, हे मला सगळ्यात चांगलं वाटतं. देवनागरी वर का? गोव्यात राजभाषा कोकणी असली तरी 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीलाही सरकारी वापरासाठी जागा आहे, आणि कोकणी वाचणारा व मराठी वाचणारा दोघेही एकच देवनागरी ओळ वाचतात. पाटीवर भाषेचा वाद येतच नाही, कारण तिथे फक्त नाव आहे.

घराच्या बाल्कांवात बसून काम करणारे बरेच आहेत. राहत्या घरावर सभासदाच्या स्वतःच्या नावाची, "चार्टर्ड अकाउंटंट" असं लिहिलेली पाटी चालते, फर्मची नाही, असा आचारसंहितेचा रोख आहे. तेच घर तुम्ही फर्मचं ऑफिस म्हणून नोंदवलं असेल तर पाटी करण्याआधी संस्थेच्या गोवा शाखेत विचारा. तिथे एक फोन केलात की पाटी दोनदा रंगवावी लागत नाही.

गूगल नकाशावर नावापुढे "बेस्ट सीए इन म्हापसा" घातलं की वर दिसतं म्हणतात. घालू?

नको. मंजूर नाव जसंच्या तसं टाका. "बेस्ट" म्हणणं आचारसंहितेत बसत नाही, आणि पाटीवर नाही तो मजकूर नावात घुसवणं गूगलच्या स्वतःच्या नियमातही बसत नाही. स्पर्धकाने कळवलं की नोंद बंद होते आणि ती परत उघडायला आठवडे जातात. वर्गवारीत "चार्टर्ड अकाउंटंट" निवडलं की "जवळचा सीए" शोधणाऱ्याला तुम्ही दिसता. कामाची वेळ, जिन्याचा फोटो आणि खुणेची जागा टाका. "मासळी बाजाराच्या मागे" ही खूण गोव्यात पिनकोडपेक्षा जास्त उपयोगी पडते.

संकेतस्थळ करणार असाल तर त्याचा पत्ता फर्मच्या किंवा तुमच्या नावाशी शक्य तितका जवळचा ठेवा. नावात न मावलेला सेवांचा तपशील तिथे येऊ शकतो, कारण तिथे वाचणारा स्वतःहून शोधत आलेला असतो. अशिलांची नावं आणि फी मात्र तिथे नको.

यूपीआयवर व्यापाऱ्याला वेगळंच नाव दिसतं. त्याने फरक पडतो?

पडतो, आणि हे फार थोडे लोक लक्षात घेतात. व्यापारी फी देताना क्यूआर स्कॅन करतो आणि पडद्यावर बँक खात्याचं नाव येतं. पाटीवर एक आणि पडद्यावर भलत्याच कुणाचं नाव दिसलं की तो थबकतो. हल्ली सगळे फसवणुकीच्या गोष्टी ऐकून असतात. म्हणून फर्मच्या नावाने चालू खातं उघडा. एकट्याच्या फर्मला त्यासाठी फर्मच्या नावाचा पुरावा लागतो आणि संस्थेची कागदपत्रं तिथे चालतात. फर्मचं नाव तुमच्या पहिल्या नावापासून सुरू होत असेल, तर खातं अजून वैयक्तिक असलं तरी निदान पडद्यावर ओळखीचं काहीतरी दिसतं.

नाव चुकलं आहे हे कसं ओळखायचं? आणि मग बदलायचं का?

माझी स्वतःची पहिली फर्म चार आद्याक्षरांची होती. वर्षभरात मला तीन खुणा दिसल्या. नवीन लोक फोनवर "तुम्ही तेच ना, बेकरीच्या वरचे?" असं विचारायचे, म्हणजे नावाची जागा बेकरीने घेतली होती. चेकवर अक्षरं उलटसुलट लिहून यायची आणि ते परत जायचे. आणि माझीच सहायक फोन उचलून माझं पहिलं नाव सांगायची, फर्मचं नाही. तिलाही ते म्हणायला जड जात होतं.

मी बदललं. नवीन नावाची मंजुरी, मग बँक, ऑफिसची जीएसटी नोंदणी, शिक्के, पाटी, आणि ज्या कंपन्यांचा ऑडिटर होतो त्या प्रत्येकीला पत्र. प्रोप्रायटर असल्यामुळे पॅन माझाच राहिला, ते एक बरं. भागीदारीत फर्मचा पॅनही त्यात आला असता. हे सगळं ऑडिटच्या हंगामात करू नका. सप्टेंबर-ऑक्टोबर टाळा, नवीन वर्षात जानेवारीच्या सुमारास करा.

पण प्रत्येक वेळी बदलणंच योग्य असं नाही. दहा वर्षं चाललेली फर्म असेल आणि बाजाराने तिचं कसंबसं का होईना टोपणनाव पाडलं असेल, तर नाव तसंच ठेवून देवनागरी पाटी तेवढी नीट करा.

उद्या भागीदार आला तर?

सुरुवातीलाच त्याच्यासाठी जागा ठेवायची गरज नाही. "सुहास नाईक अँड कंपनी"मध्ये दुसरा सीए आला तरी नाव तेच चालू शकतं. त्याला स्वतःचं नाव हवं असेल तर पुन्हा अर्ज करायचा. आडनावं जोडताना एकदा मोठ्याने म्हणून बघा. माझ्या दोन मित्रांची आडनावं कामत आणि खोत. "कामत खोत अँड कंपनी" ऐकून बाजारात पहिला प्रश्न आला, "हे जमिनीचं काम करतात का?"